आधी आटे मोजा, खोका नंतर बघा

स्पार्क प्लग किंवा एअर फिल्टर ऑनलाइन मागवला, किंवा गावातल्या दुकानात नेहमीपेक्षा बराच स्वस्त मिळाला, की लगेच ओळखीतल्या जाणकाराला फोटो जातो. खाली एवढंच लिहिलेलं असतं, "ओरिजिनल आहे का?" फोटो जवळजवळ नेहमी खोक्याचा असतो. नीट उजेडात काढलेला आणि नाव दिसेल असा. खऱ्या-खोट्याचा निकाल मात्र ज्या गोष्टींवर लागतो, त्यातल्या बहुतेक त्या फोटोत नसतात. डुप्लिकेट बनवणारा सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्वस्तात नक्कल करतो ती खोक्याचीच. छापखान्यात खोका बनवायला पैसे कमी पडतात. प्लगच्या टोकाला इरिडियमचा कण लेझरने जोडायचा तर त्यासाठी यंत्र लागतं, धातू लागतो आणि कारागिरीही लागते. म्हणून फोटोवरून पारख करताना उलट्या बाजूने जावं. ज्याची नक्कल महाग पडते ते आधी बघावं आणि खोका शेवटी.

तरी सुरुवात खोक्यापासून करतो. लोक तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. हे फसणं दोन्ही बाजूंनी होतं. खोका हुबेहूब दिसला म्हणून नकली माल खरा ठरतो, आणि खोका वेगळा दिसला म्हणून खरा माल नकली ठरतो. दुसरी चूकही कमी नाही. कंपन्या खोके बदलत राहतात. आपल्याकडे 'मायको' या नावाने पिढ्यान्‌पिढ्या ओळखल्या गेलेल्या कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं. एनजीके प्लग बनवणाऱ्या जपानी कंपनीने २०२३ मध्ये स्वतःचं नाव निटेरा केलं, प्लगवरचं एनजीके मात्र तसंच ठेवलं. एखाद्या खोक्यावर अनोळखी नाव दिसलं म्हणजे तो बनावट, असं होत नाही.

खोक्याच्या फोटोत खरोखर उपयोगाच्या दोनच गोष्टी असतात. एक म्हणजे छपाईची जात. कंपनीच्या मोठ्या छपाईत ठरावीक लाल किंवा निळा रंग बहुधा त्याच रंगाच्या शाईने सपाट छापलेला असतो आणि बारीक काळी अक्षरं एकाच काळ्या शाईची असतात. नकली खोका बऱ्याचदा खरा खोका स्कॅन करून छापतात. स्कॅनमधून आलेला रंग चार शायांच्या ठिपक्यांनी बनवावा लागतो, त्यामुळे बारीक अक्षराची कड जवळून पाहिली तर तिथे रंगीत ठिपक्यांची भुसभुशीत किनार दिसते. फोटोत हे कळायला अक्षर जवळून आणि स्पष्ट टिपलेलं हवं. एक खबरदारी इथेच सांगतो. मोबाईलची भिंगंसुद्धा रंगीत किनार उमटवतात, विशेषतः फोटोच्या कडेला, एका बाजूला जांभळट आणि दुसऱ्या बाजूला हिरवट. म्हणून पाहायचं अक्षर फोटोच्या मधोमध घ्यावं. तिथेही काळ्या अक्षराभोवती सगळ्या बाजूंनी रंगीत ठिपके असतील तर छपाई संशयास्पद समजावी.

दुसरी गोष्ट म्हणजे कायद्याने छापावा लागणारा मजकूर. आवेष्टित वस्तूंचे २०११ चे वैधमापन नियम किरकोळ विक्रीच्या पाकिटाला लागू आहेत. त्यानुसार उत्पादकाचं, पॅक करणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, नग किती, महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. 'इम्पोर्टेड' म्हणून विकलेल्या प्लगच्या खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं नावच नसेल, तर तो माल सरळ वाटेने आलेला नाही एवढं नक्की. तो नकली असेलच असं नाही, कोणीतरी परदेशातून पिशवीत घालून आणलेला खरा मालही असू शकतो. पण अशा मालाची हमी मागायला जागा उरत नाही. होलोग्रामचा फोटो मात्र मागू नये. होलोग्रामचं सगळं काम कोन बदलल्यावर दिसतं आणि फोटोत कोन एकच असतो. खोक्यावर क्यूआर कोड असेल तर चार खोक्यांचे कोड स्कॅन करून पाहावे. प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक असायला हवा असताना चारही खोके एकच क्रमांक सांगत असतील, तर पुढे काही बघायची गरज नाही.

आता प्लग. प्लगचा फोटो म्हटलं की लोक चिनी मातीवरच्या अक्षरांकडे बघतात. ती अक्षरं फिसकटलेली, वाकडी किंवा नखाने निघणारी असली तर संशय घ्यायला हरकत नाही, पण नकली मालाची अक्षरंही हल्ली चांगली असतात. माझी नजर आधी आट्यांवर जाते. चांगल्या प्लगचे आटे कापून काढलेले नसतात, ते दाबून वळलेले असतात. त्यामुळे त्यांचे माथे गुळगुळीत असतात, प्रकाश त्यावरून अखंड रेषेत फिरतो आणि पहिला आटा हळूहळू सुरू होतो. स्वस्त नकलेत माथ्यावर कातण्याच्या बारीक रेघा किंवा कडेला धातूचे कुसळ दिसतात. मुलाम्याचा थर कुठे जाड, कुठे पातळही असू शकतो. हे दिसण्यासाठी फ्लॅश बंद करून प्रकाश बाजूने यायला हवा. फ्लॅश समोरून पडला की सगळं एकसारखं चकाकतं आणि खरबरीतपणा लपतो. विक्रेत्याने पाठवलेले झगझगीत फोटो म्हणूनच निरुपयोगी असतात, त्याने मुद्दाम लपवलं नसलं तरी.

आट्यांचा याहून मोठा उपयोग वेगळाच आहे, आणि तो फारसा कोणी करत नाही. आटे ही फोटोतच असलेली फूटपट्टी आहे.

चारचाकीच्या पुष्कळ प्लगना १४ मिलिमीटर व्यासाचे आटे असतात, आणि त्यात एका आट्याच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर १.२५ मिलिमीटर ठरलेलं असतं. म्हणजे आठ आट्यांचं अंतर बरोबर १० मिलिमीटर. प्लग इंजिनाच्या भोकात बसायचा तर नकली बनवणाऱ्यालाही हे माप पाळावंच लागतं. ज्या मापात तो फसवू शकत नाही, त्यावरून बाकीची मापं काढायची.

एक उदाहरण पुरतं करून दाखवतो. एनजीकेचा `BKR6EIX-11` हा प्लग घ्या. या कोडात सगळी माहिती आहे. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, के म्हणजे १६ मिलिमीटरचा षट्‌कोन, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ ही उष्णतेची श्रेणी, ई म्हणजे आट्यांच्या भागाची लांबी १९ मिलिमीटर, आयएक्स म्हणजे इरिडियम, आणि शेवटचा ११ म्हणजे टोक आणि पट्टी यांच्यातली फट १.१ मिलिमीटर. या मालिकेत मधल्या इलेक्ट्रोडचं इरिडियमचं टोक ०.६ मिलिमीटर जाड असतं. साध्या निकेलच्या प्लगमध्ये तेच २.५ मिलिमीटरच्या आसपास असतं. नकली इरिडियम प्लगमध्ये बहुतेक वेळा निकेलचंच टोक कातून बारीक केलेलं असतं. इरिडियम २,४४६ अंश सेल्सिअसला वितळतं, निकेल १,४५५ अंशांना. खऱ्या इरिडियमचं टोक इतकं बारीक ठेवता येतं ते त्यामुळेच. निकेल तेवढं बारीक केलं तर ठिणग्यांनी लवकर झिजतं. म्हणून नक्कल करणारा ते थोडं जाडच ठेवतो, किंवा त्याच्याकडच्या यंत्रावर त्याहून बारीक येतच नाही.

फोटो असा हवा की प्लग आडवा ठेवलेला आहे, बाजूने दिसतो आहे आणि मागे साधा पांढरा कागद आहे. मोबाईल अगदी जवळ नेऊ नये. वीत-दीड वीत लांबून दुप्पट झूम करून काढावा. फार जवळून काढला तर जवळचा भाग फुगतो, लांबचा आकसतो, आणि सरळ असलेला इलेक्ट्रोडही तिरका वाटायला लागतो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर बारीक तपशील वाटेतच पुसले जातात.

आता मोजणी. समजा आलेल्या फोटोत कडेच्या बाह्यरेषेवर आठ आट्यांचं अंतर ६२० पिक्सेल भरलं. म्हणजे एका मिलिमीटरला ६२ पिक्सेल. टोकाची जाडी मोजली तर ती ६६ पिक्सेल आली, म्हणजे १.०६ मिलिमीटर. असायला हवी होती ०.६, म्हणजे ३७ पिक्सेलच्या जवळपास. फट ५५ पिक्सेल, म्हणजे ०.८९ मिलिमीटर. असायला हवी १.१.

यातली कोणती तफावत पुरावा म्हणून धरायची? फोटोत कड नक्की कुठे संपते यात दोन्ही बाजूंनी तीन-तीन पिक्सेल इकडेतिकडे होऊ शकतात. म्हणजे साधारण ०.१ मिलिमीटरची चूक गृहीत धरावी. तेवढी सूट दिली तरी टोक ०.९६ च्या खाली येत नाही. ०.६ पासून ते फार दूर आहे. फटीचं तसं नाही. खरा प्लगही प्रवासात पडला, पट्टी थोडी दाबली गेली, की फट ०.२ मिलिमीटरने कमी होते. फट वाकवून बदलता येते, टोकाची जाडी बदलत नाही. म्हणून निकाल टोकावर, फटीवर नाही.

प्लग कॅमेऱ्याकडे किंवा कॅमेऱ्यापासून कलला असेल तर लांबीच्या दिशेची सगळी अंतरं फोटोत आखडतात आणि आडवी अंतरं तशीच राहतात. मग आट्यांवरून काढलेलं माप चुकतं. हे पकडायला एक सोपा मार्ग आहे. आट्यांचा बाहेरचा व्यास नावाला १४ असला तरी प्रत्यक्षात तो किंचित कमी, १३.८ ते १३.९ मिलिमीटर भरतो. फोटोतला व्यास भागिले आठ आट्यांचं अंतर, हा भागाकार १.३८-१.३९ च्या आसपास यायला हवा. आपल्या फोटोत व्यास ८५८ पिक्सेल होता. ८५८ भागिले ६२० म्हणजे १.३८. फोटो सरळ आहे. प्लग २० अंशांनी कललेला असता तर हाच आकडा १.४७ आला असता, आणि मग फोटो परत मागवायचा. आटे मोजायचे ते बाह्यरेषेवरच, समोरच्या पोटावर नाही. बाह्यरेषा आणि मधला इलेक्ट्रोड कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असतात, पोट मात्र जवळ असतं आणि म्हणून मोठं दिसतं.

दुचाकींच्या पुष्कळ प्लगना १० मिलिमीटरचे आटे असतात आणि तिथे दोन माथ्यांमधलं अंतर १ मिलिमीटर असतं. हिशेब तोच, फक्त फूटपट्टी बदलते. कोड सी ने सुरू झाला की एनजीकेत हे आटे समजावे.

मापानंतर टोकाचं काम पाहायचं. इरिडियमचा कण निकेलच्या दांड्यावर लेझरने जोडलेला असतो. नीट टिपलेल्या फोटोत बारीक टोक जिथे जाड दांड्याला मिळतं तिथे एक अरुंद वळं दिसतं, वितळून गोठलेल्या धातूचं, एकावर एक चढलेल्या छोट्या ठिपक्यांसारखं. कातून काढलेल्या नकली टोकाला असं वळं नसतं, तिथे एकाच धातूची पायरी असते, कधी कधी कातण्याच्या गोल रेषांसह. ही खूण मला खोक्यावरच्या सगळ्या खुणांपेक्षा विश्वासाची वाटते. वरची पट्टी, म्हणजे जमिनीचा इलेक्ट्रोड, आयएक्स मालिकेत टोकाकडे निमुळती कापलेली असते. डेन्सोच्या इरिडियम पॉवर प्लगमध्ये मधलं टोक आणखी बारीक, ०.४ मिलिमीटरचं असतं आणि पट्टीच्या आतल्या बाजूला यू आकाराची खाच असते. खाच नसलेला इरिडियम पॉवर दिसला तर तो आपल्या नावाला जागत नाही.

कडांची धार दिसण्यापुरती नसते. ठिणगी धारदार कडेवरून कमी व्होल्टेजमध्ये उडी मारते, गोल कडेवरून जास्त लागतं. नव्या प्लगच्या पट्टीच्या कडा म्हणूनच चौकोनी आणि लख्ख कापलेल्या असतात. त्या गोल झालेल्या दिसल्या तर दोन शक्यता आहेत. एक, नक्कल. दुसरी, जुना प्लग वाळूच्या माऱ्याने साफ करून नवा म्हणून विकलेला. दुसरी शक्यता ओळखायला वॉशर बघावा. नव्या प्लगचा वॉशर दुमडलेल्या पत्र्याचा, आतून पोकळ आणि फुगीर असतो. पहिल्यांदा घट्ट केला की तो चेपतो आणि परत कधीच फुगत नाही. बाजूच्या फोटोत चपटा, कडेला चकाकणारा वॉशर दिसला की प्लग कोणत्यातरी इंजिनात बसून आलेला आहे. दुसरी खूण म्हणजे चिनी मातीवर, धातूच्या कवचाच्या लगेच वर, तपकिरी कडं. हे कडं पाहून लोक प्लगमधून गॅस गळतो असं समजतात. ते गळतीचं नसतं. उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात आणि चांगल्या प्लगलाही हे कडं येतं. पण 'नव्या' प्लगला ते असायचं कारण नाही.

वॉशरची आणखी एक परीक्षा आहे, पण ती फोटोत होत नाही. खऱ्या प्लगचा वॉशर आट्यांवर अडकवलेला असतो, तो सहज फिरवून निघत नाही. पुष्कळ नकली प्लगचा वॉशर हातात गळून येतो. विक्रेत्याला दहा सेकंदांचा व्हिडिओ मागावा, प्लग उलटा धरून हलवलेला.

एवढं करूनही फोटोवरून प्लग 'पास' करता येत नाही, फक्त नापास करता येतो. ज्या दोन गोष्टींमुळे नकली प्लग खरं नुकसान करतो, त्या आतच असतात. एक म्हणजे रेझिस्टर. कोडात आर असलेल्या प्लगमध्ये मधल्या वाटेवर साधारण ५ किलोओहमचा रोध असतो. तो ठिणगीतून उठणारा रेडिओचा गोंगाट दाबतो, त्यामुळे इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक मेंदूला आणि सेन्सरना त्रास होत नाही. बऱ्याच नकली प्लगमध्ये रेझिस्टर नसतो किंवा भलताच असतो. घरच्या मल्टिमीटरने वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत मोजला की लगेच कळतं. तिथे शून्य ओहम दाखवलं तर कोडातला आर फक्त शाईत आहे.

दुसरी म्हणजे उष्णतेची श्रेणी. प्लगचं नाक साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवं. त्याखाली काजळी जळून जात नाही, प्लग काळा पडतो आणि गाडी मिस मारते. त्यावर नाक इतकं तापतं की ठिणगीची वाट न बघता पेट्रोल आधीच पेट घेतं, आणि तसं चालत राहिलं तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडू शकतं. उष्णता किती लवकर बाहेर जाते हे आतल्या चिनी मातीच्या नाकाची लांबी आणि मधला तांब्याचा गाभा ठरवतात. दोन्ही गोष्टी प्लग कापल्याशिवाय पूर्ण दिसत नाहीत. कवचावर ६ छापला म्हणून प्लग ६ चा होत नाही. जाता जाता, हे आकडे सगळ्या कंपन्यांत एकसारखे वाचू नयेत. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. या एका गोंधळामुळे अस्सल मालानेही इंजिनं खराब होतात.

एअर फिल्टरकडे वळलं की हिशेब बदलतो. इथे धातू नाही, लेझर नाही. घड्या घातलेला कागद आणि कडेला रबरासारखा पॉलियुरेथेन. नक्कल करणं सोपं आहे आणि नकलीचं नुकसान उशिरा कळतं. एक लिटर पेट्रोल जाळायला जवळजवळ ११ किलो, म्हणजे सुमारे ९ हजार लिटर हवा लागते, आणि ती सगळी या कागदातून जाते. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण भरपूर असतात. ते सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा घासतात. इंजिन तेल खायला लागतं तेव्हा दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या फिल्टरची आठवण कोणाला येत नाही.

फोटोत पाहायच्या त्या घड्या. नीट नेसवलेल्या पातळाच्या निऱ्या जशा एकसारख्या उंचीच्या आणि सारख्या अंतराच्या असतात तशा त्या हव्यात. दोन घड्या माथ्याला एकमेकींना चिकटल्या की मधल्या खळग्यात हवा जाऊच शकत नाही, आणि त्या दोन्ही घड्यांचा समोरासमोरचा कागद असून नसल्यासारखा होतो. चांगल्या फिल्टरमध्ये हे टाळायला कागदावर बारीक उठाव दाबलेले असतात किंवा ठरावीक अंतरावर गोंदाच्या रेघा असतात. नकलीत घड्या मधोमध दाट आणि कडेला विरळ, किंवा सगळ्या एकाच बाजूला कललेल्या दिसतात.

यापुढे मोजणी, आणि इथे फोटो आपल्या बाजूने आहे. अंतर फोटोत आखडतं, जाडी फसवते, पण संख्या कोणत्याही कोनातून तीच राहते. फिल्टरच्या लांब कडेवरून घड्यांचे माथे मोजावे आणि प्रत्येक दहाव्या माथ्यावर फोटोतच खूण करावी. मग कागदाचं क्षेत्रफळ काढावं. घड्यांची संख्या, गुणिले दोन, गुणिले घडीची उंची, गुणिले घडीची लांबी. समजा गाडीतून निघालेल्या मूळ फिल्टरमध्ये ५२ घड्या होत्या, उंची ३ सेंटिमीटर आणि लांबी १५. कागद झाला ४,६८० चौरस सेंटिमीटर. आता त्याच नावाचा आणि त्याच क्रमांकाचा म्हणून आलेला फिल्टर बाहेरून त्याच मापाचा आहे, पण घड्या ३६ आहेत. कागद ३,२४०. जवळजवळ एक तृतीयांश कागद गायब. इंजिन हवा तेवढीच ओढणार, म्हणून कागदातून तिचा वेग १.४४ पट होणार, धूळ लवकर भरणार आणि फिल्टर मुदतीआधीच चोक होणार.

ही तुलना त्याच कंपनीच्या त्याच क्रमांकाच्या फिल्टरशीच करावी. दुसरी कंपनी वेगळ्या जातीचा, म्हणजे कृत्रिम धाग्यांचा जाड थर वापरत असेल तर कमी घड्यांतही तिचा फिल्टर चांगला असू शकतो. 'घड्या जास्त तेवढा फिल्टर चांगला' हेही खरं नाही. ठासून भरलेल्या घड्या श्वासच घेऊ देत नाहीत.

कागदाच्या रंगावरून काही ठरवू नये. पिवळा, पांढरा, निळा, लाल, सगळे रंग खऱ्यांत असतात. काही स्कूटर-मोटारसायकलींचे फिल्टर कारखान्यातच तेलाने ओले केलेले असतात आणि फोटोत ते ओलसर चमकतात. नुसता रंग देऊन कोरडा ठेवलेला नकली फिल्टर तसा चमकत नाही. हे तेल लावलेले फिल्टर हवेच्या झोताने साफ करायचे नसतात, बदलायचे असतात. पंपावर हवा मारून 'नवा' करून दिलेला फिल्टर मूळचा कितीही अस्सल असला तरी कामातून गेलेला असतो.

कागदाची गाळण्याची ताकद फोटोत दिसत नाही. ती प्रयोगशाळेत, ठरावीक चाचणीधूळ सोडून मोजतात, त्यासाठी आयएसओ ५०११ हे मानक आहे. ९९ टक्के आणि ९७ टक्के हा फरक किरकोळ वाटतो, पण इंजिनात जाणारी धूळ पहिल्यात १ टक्का आणि दुसऱ्यात ३ टक्के, म्हणजे तिप्पट. दोन्ही कागद फोटोत जुळे दिसतील.

दिसते ती कडा. पॉलियुरेथेनची चौकट सलग, भोकं-बुडबुडे नसलेली आणि सगळीकडे सारख्या जाडीची हवी. कोपऱ्यात कागदाची टोकं तिच्यात पूर्ण बुडालेली हवीत. कोपऱ्यातून घडीचं टोक मोकळं दिसत असेल तर हवा कागदातून न जाता तिथून जाईल, आणि मग कागद कितीही उत्तम असून उपयोग नाही. संशय असेल तर फिल्टरच्या मागे अंधाऱ्या खोलीत टॉर्च धरून फोटो काढावा. कागदातून प्रकाश मंद आणि सारखा झिरपतो. एखादा लख्ख ठिपका किंवा चौकटीलगत लख्ख रेघ दिसली तर तिथे भोक आहे.

आणि फिल्टर आधीच बसवून झाला असेल, तर खोका शोधत बसण्यापेक्षा पाच-सहाशे किलोमीटरनंतर तो उघडून इंजिनाकडच्या, स्वच्छ बाजूचा फोटो काढावा. ही बाजू कोरी असायला हवी. तिथे कागदावर सगळीकडे सारखा करडा थर असेल तर कागद धूळ सोडतो आहे, फिल्टर बदलावा आणि विक्रेत्याला तो फोटो पाठवावा. थर नसून चौकटीच्या एका बाजूने आत जाणारी धुळीची जीभ दिसली, तर कागदाचा दोष नाही. चौकट त्या जागी नीट दाबली जात नाही. नकली फिल्टरच्या चौकटीची जाडी एक-दोन मिलिमीटर कमी असल्याने असं होतं, आणि अस्सल फिल्टर घाईत तिरका बसवून एअर बॉक्सची एखादी क्लिप अर्धवट लावल्यानेही होतं. म्हणून विक्रेत्याशी भांडण्याआधी क्लिप बघून घ्यावी.